उकळत्या पाण्याची ओळ

सोमवार, १२ जुलै २००४. सकाळचे आठ वाजले होते आणि मी इंजेक्शनच्या खोलीत बसून माहितीपत्रकांच्या घड्या घालत होते. एका औषध कंपनीचा माणूस शनिवारी त्यांचा नवा गठ्ठा टाकून गेला होता. कागद गुळगुळीत, बोटांना चिकटणारा. पहिल्या पानावर गोऱ्या गालांचं, हसणारं बाळ. असं बाळ आमच्या दवाखान्यात कधी आलं नाही. आमच्याकडे येणाऱ्या पोरांच्या नाकातून शेंबूड वाहत असे आणि छातीतून शिट्ट्या वाजत असत.

मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या बालरुग्णांच्या एका लहानशा खाजगी दवाखान्यात मुख्य परिचारिका होते. दहा खाटा, एक डॉक्टर, आम्ही तिघी सिस्टर. जुलै म्हणजे दम्याच्या पोरांचा महिना. घरातल्या भिंती ओलसर, चुली ओल्या लाकडावर धुमसत्या, कपडे घरातच वाळत घातलेले. रोज दोन-तीन पोरं छाती ओढत यायची. डॉक्टर पंप लिहून द्यायचे, आणि लहान पोरांना पंप थेट तोंडात धरता येत नाही म्हणून सोबत स्पेसर. स्पेसर म्हणजे प्लास्टिकचा पोकळ फुगीर डबा. त्याच्या एका टोकाला पंप बसतो, दुसऱ्या टोकाला मास्क, आणि मास्कच्या अलीकडे एक पातळ पडदा असतो. पोरानं श्वास घेतला की पडदा उघडतो आणि डब्यातलं औषध छातीत जातं.

हे सगळं आईला शिकवायला डॉक्टरांना वेळ नव्हता. बाहेर बाकावर तीस माणसं ताटकळलेली. म्हणून पत्रक.

पत्रक मी लिहिलं होतं. आदल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, इंग्रजी आहे माझ्याकडे, तुम्ही मराठी करा. तुम्हाला बायकांशी कसं बोलायचं ते कळतं." मी दोन दुपारी बसून लिहून काढलं. टोपण काढा. पंप चांगला हलवा. स्पेसरला बसवा. मास्क नाक-तोंडावर फट न राहता धरा. एक फवारा दाबा, मुलाला सहा श्वास घेऊ द्या. मिनिटभर थांबा, पंप पुन्हा हलवा, मग दुसरा फवारा. दोन्ही एकदम मारू नका. रोजच्या औषधानंतर तोंड खळखळून धुवा, चेहरा पुसा. डॉक्टरांनी वरवर नजर फिरवून सही केली. कंपनीच्या माणसानं फुकट छापून दिलं आणि मागचं अख्खं पान आपल्या खोकल्याच्या औषधाला घेतलं. तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हेही लिहायला हवं.

त्या पत्रकांचं पुढं काय व्हायचं ते मला हळूहळू कळलं. एकीनं फडताळात डब्यांखाली अंथरलं. एका आजोबांनी त्यात तंबाखू बांधला, ती पुडी माझ्यासमोरच खिशातून काढली आणि उलगडून, "ह्योच कागद काय वो सिस्टर?" असं विचारलं. स्पेसरची गत त्याहून वाईट. एकात मुंग्या. एकात दुधाची साय सुकून पिवळी झालेली. एक चुलीवरच्या खुंटीला टांगलेला, आतून काजळीनं तपकिरी. एकदा मी पोराच्या तोंडावर मास्क धरला आणि आतून झुरळ बाहेर आलं. ते पोर ओरडलं नाही, मीच ओरडले. मला या लोकांची किळस येई आणि ती मी लपवत नसे. स्वच्छतेवर मी इतकं बोले की बाकीच्या दोघी सिस्टर पाठीमागं माझी नक्कल करत. मला ते माहीत होतं.

तर त्या सोमवारी, घड्या घालून गठ्ठा निम्म्यावर आला असेल, तेवढ्यात गडमुडशिंगी गावची ती बाई पोरीला कडेवर घेऊन आत आली. मागून तिची सासू.

पोर चार वर्षांची. गळ्याखालचा खड्डा दर श्वासाला आत ओढला जात होता आणि ती बोलत नव्हती, नुसती बघत होती. तीन आठवड्यांत ही दुसरी खेप. फेब्रुवारीत तिला पंप सुरू केला तेव्हा दोन महिने पोरगी छान होती. मग पुन्हा सुरू झालं.

मागच्या खेपेला मी त्या आईला सासूसमोर झापलं होतं. शब्द आठवतात. "औषध देतेस, का शोकेसमध्ये ठेवलंयस? पोरगी मरायला टेकल्यावर आणायची, आणि आम्ही काय जादू करायची?" ती म्हणाली होती, "रोज देतो की बाई." मी म्हटलं, "सगळ्याच असं म्हणतात."  सासूनं ते ऐकून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी पोरीला तपासलं, मशीनची वाफ लावायला सांगितली, पोटातून द्यायचं औषध लिहिलं आणि संध्याकाळपर्यंत ठेवून घ्यायला सांगितलं. मी वाफेचा मास्क लावला. मशीन घुरघुरायला लागलं तशी सासू खाटेच्या पायथ्याशी बसली आणि पदराखालून तंबाखूची चंची काढली. मी तिच्याकडं बघितलं, तिनं चंची परत ठेवली.

"उद्या मंगळवार," ती म्हणाली. माझ्याशी नव्हे, हवेशी. "जयसिंगपूरच्या पलीकडं एक जण पुडी देतो. मंगळवारी सकाळच्यालाच. आमच्या शेजारणीचा नातू एका पुडीत नीट झाला."

"कसली पुडी?"

"झाडपाल्याची."

त्या पुड्या मला माहीत होत्या. पांढऱ्या पावडरी. त्यात कुटून काय घातलेलं असतं ते देणाराही सांगत नाही. पोर दोन दिवसांत उड्या मारायला लागतं, भूक वाढते, तोंड पुरीसारखं फुगतं आणि पुडी बंद केली की पहिल्यापेक्षा वाईट होतं. अशी फुगलेली पोरं आमच्याकडे यायची. एक मुलगा आला तेव्हा त्याच्या आईनं कौतुकानं सांगितलं होतं, बघा कसा गुटगुटीत झालाय.

"आजी, तिला असलं काही देऊ नका."

"मग काय द्यावं? तुमचा पंप? पाच महिनं झालं ती फुसफुस चाललीया. तुम्हीच म्हणला न्हवं मागच्या टायमाला, की ही देत न्हाय म्हणून. मग आता मीच नेतो पोरीला. उद्या सातच्या बसनं. ठरलंय घरात."

आई मान खाली घालून पोरीचा पाय दाबत होती. तिच्या हातांवर गोठ्यातल्या कामाचे चिरे होते, पण नखं स्वच्छ. एवढी स्वच्छ नखं मी त्या दवाखान्यात फार कमी बघितली होती. पाच म्हशींचं दूध काढणारी बाई, हे ती आल्या दिवसापासून मला माहीत होतं. नखं मात्र त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

मशीन थांबलं. पोरीचा श्वास जरा खाली बसला. मला त्या आईला सासूसमोर एकदाचं उघडं पाडायचं होतं. म्हणजे पंप चांगला, ही बाई वाईट, असा निकाल लागून पुडीचा विषय मिटेल. माझा हिशोब एवढाच होता.

"पंप आणलायस?" मी विचारलं.

"आणलाय की."

"दाखव बघू मला, कसं देतेस. एकही गोष्ट सांगणार नाही मी."

पाच महिन्यांत हे मी तिला पहिल्यांदा सांगत होते. तिलाच नव्हे, कुणालाही. पत्रक हातात दिलं की आमचं काम संपत असे.

तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. झाकण उघडलं. आत पांढऱ्या धुतलेल्या फडक्यात स्पेसर, बाजूला पंप, टोपण लावलेलं. डब्यात एक कण नाही. तिनं हात पुसले, पंपाचं टोपण काढलं, चार-पाच वेळा हलवला, स्पेसरला बसवला. पोरीला मांडीवर घेतलं, मास्क नाक-तोंडावर असा धरला की कुठं फट नाही. एक फवारा दाबला. ओठांतल्या ओठांत मोजलं, एक, दोन, तीन, सहापर्यंत. मग मास्क काढला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत थांबली.

मी तिची चूक काढायच्या तयारीत होते आणि काढायला काही नव्हतं. डॉक्टरांनाही याहून चांगलं जमलं नसतं.

"दुसरा मारू?" तिनं विचारलं.

"थांब. पुन्हा धर जरा. फवारा नको, नुसताच मास्क धर."

ती सहा श्वास मोजत असताना मला काहीतरी खुपलं होतं. मी वाकून बघितलं. पोरीची छाती हलत होती, पण स्पेसरमधला पडदा हलत नव्हता. एकदाही नाही. मी स्पेसर हातात घेतला, खिडकीपाशी नेला. पडद्याची कड वर वळून कडक झाली होती, खालच्या बैठकीला चिकटल्यासारखी. डब्याचे दोन अर्धे भाग मधे जुळतात तिथं सांध्याला नखाएवढी फट. आणि आतून सगळीकडं पांढरट पापुद्रा. पोरीच्या छातीत जायचं औषध प्लास्टिकला चिकटून बसलेलं.

"हे कशानं झालं? तू हे धुतेस कशानं?"

"पाण्यानं की. उकळत्या."

"उकळत्या?"

"आठवड्यातनं एकदा, शुक्रवारी. आधनाच्या पाण्यात पाच मिनिटं. मग कोरड्या फडक्यानं आतनं नीट पुसून ठेवतो." माझ्या चेहऱ्याकडं बघून ती घाबरली. "तुमच्या कागदात हाय तसंच करतो वो."

"कागदात असं काही नाही."

ती वाद घालणारी नव्हती. तिनं डब्याच्या तळातून पत्रक काढलं. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं, घड्यांवर झिजलेलं. बोट ठेवून, शाळेत वाचतात तसं मोठ्यानं वाचलं. "स्पेसर आठवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात पाच मिनिटे ठेवावा व स्वच्छ फडक्याने आतून कोरडा पुसावा."

मी स्टुलावर बसले.

ती ओळ माझी होती. इंग्रजीत लिहिलं होतं की कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून त्यात बुडवा, घासू नका, पुसू नका, तसाच हवेवर वाळू द्या. ते वाचताना मला हसू आलं होतं. कोमट पाणी, आणि पुसायचं नाही म्हणे. मी नर्सिंग शिकले तेव्हा काचेच्या सिरिंज वीस मिनिटं उकळल्याशिवाय आम्हाला हात लावू देत नसत. उकळलं की स्वच्छ, हे माझ्या हाडात होतं. त्यात चुलीवरच्या खुंटीला टांगलेला स्पेसर डोळ्यासमोर. या बायकांना कोमट सांगितलं तर त्या धुणारच नाहीत, असं म्हणून मी उकळतं लिहिलं, आणि वर पुसायलाही सांगितलं. प्लास्टिक उकळलं की वाकतं आणि पातळ पडदा कडक होतो, याचा विचार केला नाही. कोरड्या फडक्यानं चोळलं की प्लास्टिकमध्ये वीज भरते आणि औषध ओढून घेते, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. ते का लिहिलंय हे डॉक्टरांना विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. डॉक्टरांनी वाचलं नाही. छापणाऱ्याला खोकल्याच्या औषधाशी मतलब.

आणि पत्रकाचा तंबाखू बांधायला उपयोग करणाऱ्यांच्या पोरांना काही झालं नाही. एवढ्या बायकांत एकीनं ते नीट वाचलं, अक्षर न अक्षर पाळलं, आणि तिचीच पोरगी धापा टाकत माझ्यासमोर होती. मुंग्या आणि झुरळांची मला जेवढी किळस आली नव्हती, तेवढी त्या क्षणी मी लिहिलेल्या त्या ओळीची आली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सासू समोर होती, पोरगी समोर होती. मी उठले, कपाटातून नवा स्पेसर काढला आणि म्हणाले, "हा खराब झालाय. बदलून देते."

बस्स. एवढंच.

सासूनं लगेच उचललं. "खराब झालाय म्हणजे? कुणी केला? हिच्याच हातात असतोय न्हवं. हिच्या हाताला काय टिकतंय? परवा किटलीचं झाकण, आता ह्यो." मग सुनेकडं वळून, "आणि वर कागद वाचून दावतीया. शाळा शिकलेली."

सुनेनं पत्रकाची घडी घालून ते परत प्लास्टिकच्या पिशवीत सारलं.  मी नव्या स्पेसरची पिशवी फाडत होते आणि ती पिशवी फाडायला मी नको तेवढा वेळ लावला.

दुपारी डॉक्टर जेवून आल्यावर मी त्यांच्या टेबलावर जुना स्पेसर आणि पत्रक ठेवलं. काय झालं ते सांगितलं. त्यांनी पडदा बोटानं हलवून बघितला.

"अरेरे," ते म्हणाले. "पुढच्या छपाईत बदलून घ्या."

"सर, पाचशे आत पडलेत. आणि आधीचे वाटून झालेत."

"त्या ओळीवर काळ्या पेननं रेघ मारा. वाटलेले कोण वाचतंय, सिस्टर? तुम्हीच सांगता ना."

"हिनं वाचलं."

"म्हणून आता आपण दारोदार सांगत फिरायचं का, आमचं चुकलं म्हणून? पंपावरचा विश्वास आधीच नाहीये लोकांचा. एक सांगायला जाल आणि दहा जण पुडीवाल्याकडं जातील. तिला नवा दिलात ना? झालं तर."

त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, म्हणूनच मला जास्त घाण वाटलं. सकाळी मी तेच केलं होतं. त्यांनी फक्त ते शब्दात मांडलं.

संध्याकाळी पोरगी बरी झाली. तीन दिवसांचं औषध बांधून दिलं. जाताना मी आईला नव्या स्पेसरचं सगळं सांगितलं. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, घासायचं नाही, पुसायचं नाही, पालथा ठेवून वाळवायचा. पडदा प्रत्येक श्वासाला हलतोय का ते डोळ्यांनी बघायचं. ती ऐकत होती, मान हलवत होती. मग म्हणाली, "सांगून काय उपेग, बाई. घरात आता माझ्या हातात ह्यो पंप देणार न्हाईत. उद्या पुडीच."

"तू सांग ना त्यांना."

"मी?" ती हसली. त्या हसण्यात राग नव्हता. "मी काय सांगू? माझ्याच हातनं मोडला न्हवं."

तिनं पोरीला कडेवर घेतलं. सासू फाटकाबाहेर उभी राहून तंबाखू मळत होती. दोघी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात उभी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेपाचला उठले. डबा केला नाही. नवऱ्याला म्हटलं, चहा तुझा तू कर. पहिल्या सिटी बसनं गडमुडशिंगीला गेले. स्टँडवर एका माणसाला पाच म्हशी असलेलं घर विचारलं. तो म्हणाला, "बाई, हितं समद्यांच्याच म्हशी हाईत. कुणाची पोरगी दम्याची, ते सांगा." सांगितलं, त्यानं बोट दाखवलं.

सासू अंगणात लुगडं बदलून तयार बसली होती. पोरीला नवा फ्रॉक घातलेला. आई गोठ्यात होती, धारा काढत होती, मला बघून तिचा हात थांबला.

"आजी," मी उभ्या उभ्याच म्हणाले, "स्पेसर हिनं मोडला नाही. उकळत्या पाण्याची ती ओळ मी लिहिली होती. कंपनीनं छापली, डॉक्टरांनी सही केली, पण लिहिली मी. ती चूक होती. हिनं सांगितलं तसं केलं म्हणून औषध पोरीला पोचलंच नाही. मागच्या वेळेला मी हिला बोलले, तेही चुकीचं."

तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. शेजारच्या दोघी भिंतीपलीकडून ऐकत होत्या, त्यांनी ऐकत नसल्याचा आवही आणला नाही.

"म्हंजे पाच महिनं आमची पोरगी तुमच्या कागदापायी धापा टाकती हाय?"

"दोन महिने बरी होती. नंतरचं माझ्यामुळं."

"आणि हे काल का न्हाय बोलला? मी हिला एवढं बोलत व्हतो, तवा तोंडात काय मिठाची गुळणी धरलीसा?"

"धरली होती," मी म्हणाले.

 तिनं पिचकारी टाकली, माझ्या चपलेपासून वितीवर. मला ते योग्यच वाटलं.

"दाखवा," ती म्हणाली. "मला दाखवा. हिला न्हवं. मी बघतो पडदा हलतोय का न्हाय."

आईनं हात धुतले, डबा आणला. मी बाजूला झाले आणि दोन्ही फवारे तिलाच देऊ दिले. सासू पोरीच्या तोंडाशी नाक लावून बसली. पडदा उघडत होता, मिटत होता. "एक," म्हातारी म्हणाली. "दोन. तीन." सहाला तिनं मान वर केली.

"आज न्हाय जात," ती म्हणाली. "पुढच्या मंगळवारपतोर बघतो. तवर बरी झाली न्हाय तर जाणार, मग तुम्ही या न्हायतर तुमचा डॉक्टर येऊ दे."

"चालेल."

"चालंल म्हणं," ती भिंतीपलीकडच्या बायकांना म्हणाली.

मी एक बादली मागून घेतली. त्यात हौदातलं पाणी आणि चुलीवरचं थोडं पाणी घालून आईला हात बुडवून बघायला सांगितलं. चटका बसत नाही एवढं कोमट. साबणाचे दोन थेंब टाकले. पंप काढून बाजूला ठेवला आणि नवा स्पेसर आत बुडवला, काही न घासता हलवून वर काढला, पाणी निथळू दिलं. सासूनं सवयीनं पदर पुढं केला पुसायला. सून पटकन म्हणाली, "आत्ती, पुसायचा न्हाय." म्हातारीनं पदर मागं घेतला.

मी स्पेसर पाटीवर पालथा ठेवला आणि परतीची बस धरायला निघाले.